चार टक्के सूट नेमकी कितीला पडते?

माहूरच्या दुकानदाराला तुषार सिंचनाचे पाईप नांदेडहून मागवता येतात, तसेच पैनगंगा ओलांडून पुसदहूनही. पुसद त्याला नांदेडपेक्षा बरेच जवळ. त्यामुळे नांदेडच्या घाऊक व्यापाऱ्याचा सेल्समन माहूर-किनवटच्या लाईनवर गेला की त्याला हमखास ऐकावे लागते, "भाऊ, पुसदवाला चार टक्के कमी लावतोय. तुमचं काय ते बघा."

इथे सेल्समनने काय करायचे? स्वतःच हो म्हणायचे, की शेठला फोन लावायचा? सगळेच त्याच्यावर सोडले तर तो ऑर्डर आणतो, पण नफा वाटेत सांडतो. प्रत्येक वेळी फोन करायला लावला तर शेठ दिवसभर फोनवर अडकतात आणि तोवर दुकानदार दुसरीकडे ऑर्डर देऊन मोकळा होतो. यावरचा उपाय म्हणजे सूट मंजुरीच्या मर्यादा. किती सूट कोणी स्वतःच्या अधिकारात द्यायची आणि कुठून पुढे वरच्याला विचारायचे, हे आधीच ठरवून ठेवायचे. ते कसे ठरवायचे, हे आपण एक उदाहरण धरून पायरी-पायरीने पाहू.

समजा, आपला नांदेडला पाईप आणि फिटिंगचा घाऊक व्यवसाय आहे. चार सेल्समन आहेत, त्यांच्यावर एक विक्री व्यवस्थापक आहे आणि शेवटचा शब्द आपला. पुढचे व्यवहाराचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, त्यांच्या जागी आपल्या बिलांतले आकडे घालावेत.

शेतीच्या सगळ्याच मालाला ही रीत लागू होत नाही, हेही सुरुवातीलाच सांगायला हवे. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, बीजी-2 कापसाचे 475 ग्रॅमचे पाकीट 2025 च्या खरिपात जास्तीत जास्त 901 रुपयांना. या कमाल किमती सरकार ठरवते, त्यामुळे तिथे सूट द्यायला मुळात फारशी जागाच नसते. पाईप, फिटिंग, मोटारी अशा मालात दरपत्रक आपले असते आणि सूटही आपली. म्हणून मर्यादाही आपणच घालायला हवी.

माल आपल्याला पडतो केवढ्याला?

पहिले काम म्हणजे प्रत्येक गटातला माल गोदामात येईपर्यंत आपल्याला केवढ्याला पडला, ते काढणे. कंपनीच्या बिलातली किंमत, त्यावर आपल्या गोदामापर्यंतचे भाडे आणि हमाली. जीएसटी यात धरू नये. विकताना घेतलेला आणि खरेदीवर भरलेला कर हिशोबात वळता होतो, तो आपल्या नफ्याचा भाग नाही. खरेदी करासकट आणि विक्री कराविना, अशी सरमिसळ झाली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

माहूरच्या दुकानदाराची एक ऑर्डर घेऊ. दरपत्रकाप्रमाणे ती 1,00,000 रुपयांची आहे. त्यात 80,000 चे पाईप आणि 20,000 चे फिटिंग, म्हणजे बेंड, टी, नोझल, क्लॅम्प वगैरे. पाईप आपल्याला 69,600 ला पडले आणि फिटिंग 14,000 ला. एकूण 83,600. सूट न देता विकले तर 16,400 रुपये सुटतात.

हे किती टक्के झाले? इथे बहुतेकांची गफलत होते. खरेदीवर मोजले तर 16,400 म्हणजे जवळपास 20 टक्के. विक्रीवर मोजले तर 16.4 टक्के. बाजारात "वीस टक्के सुटतात" असे बोलतात ते खरेदीवर, आणि सूट मात्र नेहमी विक्रीच्या दरावर दिली जाते. मग मनातल्या मनात हिशोब होतो की वीसातून आठ टक्के सूट गेली तरी बारा उरतात. प्रत्यक्षात 92,000 ला माल विकला आणि तो पडला 83,600 ला. उरले 8,400, म्हणजे विक्रीच्या 9.1 टक्के. बारा समजून आपण नऊवर येतो आणि वर्षअखेर पैसा कुठे गेला ते कळत नाही. म्हणून या लेखात मार्जिन म्हणजे विक्रीच्या रकमेवर उरलेला टक्का, एवढाच अर्थ धरला आहे. दुकानात सगळ्यांनीही तोच धरावा.

आपल्याला उरायला किती हवे?

पगार, गोदामाचे भाडे, सेल्समनचे पेट्रोल, वीज, अकाउंटंट, बुडीत उधारी असा वर्षाचा सगळा खर्च काढा आणि वर्षाच्या विक्रीने भागा. समजा तो विक्रीच्या 7 टक्के आला. त्यावर आपल्याला 4 टक्के राहावेत अशी इच्छा आहे. म्हणजे साऱ्या विक्रीचे सरासरी मार्जिन 11 टक्के हवे. हे आपले उद्दिष्ट. आणि 7 हा तळ. त्याखाली विकलेला माल पगार-भाड्याचा वाटाही उचलत नाही.

सूट टक्क्यांत छोटी दिसते, म्हणून तिची दुसरी बाजूही पाहावी. वरच्या ऑर्डरवर 4 टक्के सूट दिली की 16,400 चे 12,400 होतात. पहिल्याइतकेच रुपये मिळवायचे तर आता जवळपास 32 टक्के जास्त माल विकावा लागेल. दुकानदार "पुढं माल जास्त उचलतो" म्हणतो तेव्हा तो खरोखर एक तृतीयांश जास्त उचलणार आहे का, हे त्याला विचारायला हरकत नाही.

सूट एकाच रूपात जात नाही

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मर्यादा घालणारे बहुतेक जण फक्त बिलावरच्या सूटीवर मर्यादा घालतात. सेल्समनला तीन टक्के, व्यवस्थापकाला पाच टक्के, विषय संपला. पण दुकानदाराला पैसा चार वाटांनी जातो आणि त्यातली एकच वाट बिलावर दिसते.

तीच ऑर्डर पुढे नेऊ. सेल्समनने 4 टक्के सूट दिली, बिल 96,000 चे झाले. नांदेड ते माहूर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. "माल दुकानावर पोच द्या" म्हटल्यावर गाडीभाड्यातला या ऑर्डरचा वाटा 1,500 रुपये आपल्या खिशातून गेला. नेहमी 30 दिवसांची उधारी असते, ती त्याने 75 दिवसांची करून घेतली. बँकेच्या कॅश क्रेडिटला वर्षाला 12 टक्के व्याज धरले तर महिन्याला 1 टक्का, म्हणजे जास्तीच्या 45 दिवसांचे 1,440 रुपये. शिवाय फिटिंगवर स्कीम लावून वीसमागे एक नग फुकट दिला. तो आपल्याला 700 ला पडला.

आता बेरीज करा. 4,000 ची सूट दिली असे सेल्समन सांगतो. प्रत्यक्षात गेले 7,640 रुपये. उरले 8,760, म्हणजे 96,000 वर 9.1 टक्के. बिलाकडे पाहून कोणालाही वाटेल की सव्वा बारा ते तेरा टक्के सुटले असतील.

हा हिशोब स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत बसतो. B2 मध्ये सूट वजा जाता जीएसटीविना विक्री, C2 मध्ये माल पडला ती किंमत, D2 मध्ये पोच भाडे, E2 मध्ये जास्तीच्या उधारीचे व्याज आणि F2 मध्ये फुकट मालाची किंमत लिहावी.

```
=(B2-C2-D2-E2-F2)/B2
```

उधारीचा दबाव आपल्याकडे का येतो, हेही समजून घ्यावे. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्पभूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे, राज्याची पूरक मदत वेगळी. पण शेतकऱ्याने आधी संच घ्यायचा आणि अनुदान मागाहून खात्यात जमा व्हायचे, अशी रीत. तोवर शेतकरी दुकानदाराकडे थांबायला सांगतो आणि दुकानदार आपल्याकडे. ही अडचण खरी आहे. म्हणून उधारी द्यायचीच नाही असे म्हणून चालत नाही, पण ती सूटच आहे असे धरून मोजावी लागते.

मर्यादा कुठे आखायच्या?

आता जुनी बिले बाहेर काढा. मागच्या हरभऱ्याच्या हंगामातली, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली सगळी घ्यावीत. तुषार संचांची मोठी विक्री तेव्हाच होते. प्रत्येक बिलाचे उरलेले मार्जिन वरच्या सूत्राने काढा आणि सेल्समनप्रमाणे, गावाप्रमाणे लावून पाहा. एकाच आकाराच्या दोन ऑर्डरींत कुठे 13 तर कुठे 8 उरलेले दिसेल. त्याचे कारण विचारले तर बऱ्याचदा "त्यानं मागितलं" यापलीकडे उत्तर मिळत नाही. मर्यादेचा उपयोग इथेच आहे.

पहिली रेघ सेल्समनची. ती उद्दिष्टावर, म्हणजे 11 वर आखावी असे वाटते, पण तिथेच गडबड होते. एकदा रेघ ठरली की सेल्समन तिथपर्यंत जातोच, आणि दुकानदारांनाही ती पंधरा दिवसांत माहीत होते. बहुतेक बिले रेघेवर येऊन थांबणार हे धरून चालावे. मग सगळे 11 वर आले आणि वरच्या मंजुरीची काही बिले 8-9 वर गेली, तर सरासरी 11 च्या खाली जाणारच. म्हणून सेल्समनची रेघ उद्दिष्टाच्या थोडी वर, 12 टक्के उरण्यावर ठेवू. 12 ते 9 पर्यंत व्यवस्थापक मंजूर करेल. 9 ते 7 पर्यंत आपण. 7 च्या खाली कोणीच नाही. अपवाद फक्त पडून राहिलेल्या, बंद झालेल्या मापाच्या मालाचा, आणि तोही लेखी कारणासह.

पण एवढे ठरवून सरासरी आपोआप सांभाळली जात नाही. समजा विक्रीतली 70 टक्के बिले सरासरी 12.5 वर, 25 टक्के 10.5 वर आणि 5 टक्के 8 वर गेली. एकूण सरासरी पावणेबाराच्या आसपास, म्हणजे ठीक. पण सेल्समनच्या हद्दीत 40 टक्केच विक्री 12.3 वर राहिली, व्यवस्थापकाने 40 टक्के 10 वर दिली आणि आपणच 20 टक्के 8 वर सोडली, तर सरासरी साडेदहावर येते. यात कोणीही नियम मोडलेला नाही, तरी उद्दिष्ट गेले. म्हणून वरच्या दोन पायऱ्यांना महिन्याचा वाटाही ठरवून द्यावा. व्यवस्थापकाच्या मंजुरीत महिन्याच्या विक्रीच्या पाव हिश्श्याहून जास्त नाही, आपल्या मंजुरीत वीसाव्या हिश्श्याहून जास्त नाही. ही अट स्वतःवर लावणे मालकाला सगळ्यात जड जाते, कारण जुने दुकानदार थेट त्यालाच फोन करतात.

सेल्समनच्या खिशातले कार्ड

आपली खरेदी किंमत सेल्समनला सांगावी का? बहुतेक व्यापारी सांगत नाहीत, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. उद्या तोच सेल्समन दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ शकतो. मग त्याने उरलेले मार्जिन मोजायचे कसे? त्यासाठी आपण आपल्याकडे हिशोब करून त्याच्या हातात सूटीचे साधे कार्ड द्यायचे.

पाईपवर मार्जिन 13 आणि फिटिंगवर 30, मग दोन्हींना एकच सूट लावण्यात अर्थ नाही. आपल्या उदाहरणात पाईपला 3 टक्के आणि फिटिंगला 12 टक्के सूट दिली तर पाईपचे 77,600 आणि फिटिंगचे 17,600, मिळून 95,200 येतात. माल पडला 83,600 ला. उरले 11,600, म्हणजे 12.2 टक्के. रेघेच्या वरच.

पण हे पाईप आणि फिटिंग चारास एक या प्रमाणात असतील तरच. दुकानदाराने फिटिंग दुसरीकडून घेऊन आपल्याकडून नुसते पाईप उचलले आणि त्याला 3 टक्के दिले तर जेमतेम 10.3 उरतात. त्यामुळे कार्डावर स्पष्ट लिहावे की नुसत्या पाईपला 1 टक्का, सोबत फिटिंग पाचवा हिस्सा किंवा जास्त असेल तरच 3. याचा एक फायदा असा की सेल्समनकडे दुकानदाराला देण्यासारखे काहीतरी राहते. "फिटिंगही आमच्याकडूनच घ्या, म्हणजे पाईपला तीन लावून देतो," असे तो म्हणू शकतो.

कार्डाखाली वजाबाकीचे नियम द्यावेत. वरची सूट गोदामातून उचल आणि 30 दिवसांत पैसे, यासाठी आहे. माहूरला पोच हवी असेल तर दोन्ही गटांतून दीड टक्का कमी. उधारी आणखी 30 दिवस हवी तर एक टक्का कमी. स्कीमचा माल दिला तर फिटिंगवरची सूट तेवढी कमी. म्हणजे दुकानदाराला काय हवे ते त्यानेच निवडावे, सगळेच एकदम मिळणार नाही.

पोच भाड्याचा दीड टक्का लाखाच्या ऑर्डरला बसतो. 30,000 च्या ऑर्डरसाठी तेच 1,500 रुपये म्हणजे 5 टक्के. म्हणून फुकट पोच देण्यासाठी किमान ऑर्डरची अट हवी, किंवा किनवट-माहूरच्या सगळ्या ऑर्डरी आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी एकाच गाडीत घालाव्यात. नवरात्रात माहूरच्या गडावर येणाऱ्या गर्दीने रस्ते भरलेले असतात. त्या दिवसांतली गाडी आधीच पाठवण्याचे दुकानदारांशी बोलून ठेवावे, नाहीतर घाईची वेगळी गाडी करावी लागते आणि तिचा खर्च कार्डात कुठेच धरलेला नसतो.

मंजुरी कशी मागायची आणि कशी द्यायची?

कार्डाच्या पलीकडे जायचे झाले तर सेल्समनने व्यवस्थापकाला एकच मेसेज करावा. दुकानदार कोण, मालाचे दोन्ही गट किती रुपयांचे, पोच आणि उधारीसह नेमके काय मागतोय, आणि न दिल्यास काय होईल. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. "पुसदचा रेट कमी आहे" एवढ्यावर मंजुरी देऊ नये. कोणत्या कंपनीचा पाईप, किती मिलिमीटरचा, किती दाबाचा, पोच धरून की उचलून, हे विचारावे. पुष्कळदा दुसऱ्याचा कमी रेट पातळ पाईपचा किंवा रोखीचा निघतो.

उत्तराची वेळही ठरवून द्यावी. अर्ध्या तासात हो, नाही, किंवा "एवढे देता येईल" असे उत्तर मिळालेच पाहिजे. दोन-तीनदा उत्तर उशिरा गेले की सेल्समन विचारणे सोडतो आणि आधी शब्द देऊन मागाहून मंजुरी मागतो. डोंगराळ भागात फोनची रेंज जाते, म्हणून सेल्समनने दुकानात शिरण्याआधीच मोठ्या ऑर्डरीचा अंदाज कळवून ठेवलेला बरा. मंजूर करणाऱ्याने उरलेले मार्जिन टक्क्यात आणि रुपयात, दोन्ही पाहूनच उत्तर द्यावे. दिलेली सूट बिलावरच दाखवावी. बिलावर दाखवलेली सूट जीएसटीच्या करपात्र रकमेतून वजा होते, मागाहून द्यायच्या सूटीचे नियम वेगळे आहेत आणि त्यासाठी आपल्या कर सल्लागाराला आधी विचारावे.

रेघ कुठून फाटते?

दोन-तीन महिन्यांनी बिले पुन्हा लावून पाहा. एकाच दुकानदाराच्या नावाने एकाच आठवड्यात दोन-तीन छोटी बिले दिसली, एकात नुसते फिटिंग आणि दुसऱ्यात नुसते पाईप, तर ऑर्डर तोडून सूट काढलेली असू शकते. अशा वेळी सात दिवसांची बिले एकत्र धरून मार्जिन मोजावे. बिलावर सूट नियमात आहे पण पैसे यायला ठरल्यापेक्षा महिनाभर जास्त लागतोय, तर सेल्समनने तोंडी उधारी वाढवून दिली आहे. हे बिलांत दिसत नाही, येणे बाकीच्या यादीतच दिसते. म्हणून दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात.

व्यवस्थापकाकडे आलेल्या विनंत्या मोजाव्यात. जवळपास सगळ्याच मंजूर होत असतील तर ती मंजुरी नुसती सही झाली. एकतर सेल्समनची रेघ बाजाराच्या मानाने फार वर आहे, किंवा व्यवस्थापकाला नाही म्हणवत नाही. कोणते कारण खरे, ते नाकारलेल्या ऑर्डरींचे पुढे काय झाले यावरून कळते. नाकारल्यावरही निम्म्याहून जास्त दुकानदारांनी माल घेतला असेल, तर आपण विनाकारण सूट देत होतो.

आणि सेल्समनचे कमिशन पाहा. ते नुसत्या विक्रीच्या रकमेवर असेल तर कोणतीही रेघ फार दिवस टिकणार नाही. 4,000 ची सूट दिल्याने त्याचे कमिशन चाळीसेक रुपयांनी कमी होते, पण ऑर्डर गेली तर हजारभर जाते. तो सूट देणारच, त्याला दोष देता येत नाही. कमिशनचा निम्मा भाग तरी उरलेल्या मार्जिनवर ठेवावा. खरेदी किंमत उघड करायची नसेल तर कार्डातली न वापरलेली सूट हाच आधार धरता येतो. तीनपैकी एकच टक्का वापरला, तर वाचलेल्या दोनांतला ठरावीक वाटा त्याचा.

शेवटची अडचण मालाच्या किमतीची. पाईपच्या कच्च्या मालाचे भाव बदलतात आणि कंपनी नवे दर पाठवते, पण सेल्समनच्या खिशात जुनेच कार्ड असते. आपल्या उदाहरणात पाईप 4 टक्क्यांनी महागले आणि विक्रीचा दर तोच राहिला, तर 69,600 चे 72,384 होतात. कार्डाप्रमाणेच दिलेल्या सूटीवर 12.2 ऐवजी सव्वानऊ टक्के उरतात, आणि सेल्समनला वाटते की आपण हद्दीतच आहोत. म्हणून प्रत्येक कार्डावर तारीख घालावी, कंपनीचा नवा दर आला त्याच दिवशी जुने रद्द झाल्याचा मेसेज सगळ्यांना जावा, आणि नवे कार्ड हातात पडेपर्यंत पाईपवरची प्रत्येक सूट व्यवस्थापकाला विचारूनच द्यावी.